डचमधलं ‘आय लव्ह यू’ कधी म्हणायचं?

“‘इक हाउ फान य’ म्हणजे डचमधलं ‘आय लव्ह यू’. डच लोक चीजबद्दलही ‘इक हाउ फान कास’ म्हणतात, मग नवीन ओळखीत म्हणायला काय हरकत?”

हरकत आहे. चीजबद्दल ते नुसतं ‘आवडतं’, पण माणसाला उद्देशून म्हटलं की तेच क्रियापद एकदम जड होतं. आईवडील, मुलं, जोडीदार यांच्यासाठीचे हे शब्द तिसऱ्या भेटीत ऐकले की समोरचा माणूस गांगरतो.

सुरुवातीला म्हणतात ‘इक फिंड य ल्योक’: तू मला आवडतेस. खरा गोंधळ पुढच्या पायरीवर होतो. महिनाभर भेटीगाठी झाल्यावर मैत्रीण म्हणते, ‘इक बेन फरलीफ्त ऑप य’. आपल्याला वाटतं, हिने मुख्य वाक्य टाळलं! टाळलेलं नसतं. फरलीफ्त म्हणजे प्रेमात पडलेली: छातीत धडधड, झोप उडालेली. त्या टप्प्यावर हेच मनापासूनचं वाक्य. ‘हाउ फान’ त्यानंतर, नातं मुरल्यावर येतं. मात्र ‘इक फिंड य लीफ’ ऐकून हुरळू नका. तू गोड आहेस, प्रेमळ आहेस, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मित्रालाही चालतो.

‘इक हाउ फान य’ला उत्तर देताना एक बारकावा सांभाळा. ‘इक ओक फान याउ’, म्हणजे ‘माझंही तुझ्यावर’. इथे ‘य’ चालत नाही, कारण सगळा जोर ‘तुझ्यावर’ याच शब्दावर असतो.