लहान फायलींची नेटवर्कवरून कॉपी

एकूण आकार सारखाच असला, तरी हजारो लहान फायली नेटवर्कवरून कॉपी व्हायला एका मोठ्या फायलीपेक्षा कितीतरी पट जास्त वेळ लागतो. याला बहुधा लाइनचा वेग जबाबदार नसतो. वेळ जातो तो प्रत्येक फायलीमागे दोन संगणकांत होणाऱ्या निरोपांच्या देवघेवीत.

विंडोजच्या शेअर फोल्डरमागे एसएमबी हा प्रोटोकॉल असतो. त्यावर फाइल ठेवायची, तर आधी ती तयार करण्याची परवानगी मागावी लागते, मग तिची माहिती विचारली जाते, मजकूर पाठवला जातो, तारीख आणि गुणधर्म लिहिले जातात आणि शेवटी फाइल बंद होते. साध्या कॉपीत यातल्या बहुतेक पायऱ्यांना आधीच्या उत्तराची वाट पाहावी लागते. फाइल 2 केबीची असो वा 2 जीबीची, हा उपचार टळत नाही. मोठ्या फायलीत तो एकदाच होतो. एफटीपीची अवस्था आणखी वाईट, कारण ते प्रत्येक फायलीसाठी मजकुराची वेगळी जोडणी उघडते.

उदाहरण म्हणून इंदूरमधल्या एखाद्या मराठी ग्रंथालयाने 200 जुनी पुस्तके स्कॅन केली असे धरू. प्रत्येकात 200 पाने, म्हणजे 40,000 फायली. काळ्या-पांढऱ्या टिफ स्वरूपातले पान सरासरी 25 केबीचे धरले, तर सगळे मिळून 1 जीबी होते. गिगाबिट लॅनवर प्रत्यक्षात सेकंदाला 110 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणून 1 जीबीची एकच फाइल नऊ-दहा सेकंदांत जाते. सुटी पाने पाठवताना मात्र दर फायलीमागे निरोप जाऊन उत्तर परत येण्याच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी अर्ध्या मिलिसेकंदाच्या, आणि सर्व्हरच्या हार्ड डिस्कवरची नोंद धरून 12 मिलिसेकंद, असे 15 मिलिसेकंद लागले, तर 40,000 फायलींना 10 मिनिटे लागतात. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासत असेल, तर त्याहून जास्त.

हीच पाने व्हीपीएनवरून वडोदऱ्याच्या शाखेला पाठवायची आहेत आणि पिंगचा वेळ, म्हणजे अशा एका फेरीचा वेळ, 30 मिलिसेकंद आहे. आता फक्त फेऱ्यांनाच फायलीमागे 180 मिलिसेकंद लागतात आणि हिशोब दोन तासांच्या पुढे जातो. लाइन 100 एमबीपीएसची असेल, तर तीच 1 जीबी एका फायलीत दीड मिनिटात पोचली असती. अशा वेळी 300 एमबीपीएसचा प्लॅन घेणे म्हणजे पैसे वाया, कारण पिंगचा वेळ त्याने कमी होत नाही.

निदान सोपे आहे. कॉपी चालू असताना टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा आलेख पाहावा. लहान फायलींच्या वेळी तो तळाशी रेंगाळत असेल आणि एक मोठी फाइल पाठवताच वर चढत असेल, तर दोष केबल किंवा स्विचचा नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फायली एका गठ्ठ्यात बांधणे. टार गठ्ठ्यात प्रत्येक फायलीमागे 512 बाइटांचे शीर्षक आणि थोडी भर जोडली जाते. वरच्या उदाहरणात सगळी मिळून वाढ 30 एमबीच्या आसपास. अशी टिफ पाने बहुधा आधीच आकुंचित असतात, म्हणून गठ्ठा पुन्हा झिप करून फारसे काही साधत नाही. लिनक्स सर्व्हर असेल, तर मधली फाइल न बनवताही काम होते:

```
tar -cf - scan | ssh user@nas "tar -xf - -C /data"
```

इथे एक चूक वारंवार होते. गठ्ठा शेअरवर ठेवून तो आपल्याच संगणकावरून तिथे उलगडला, तर प्रत्येक फाइल पुन्हा नेटवर्कवरूनच तयार होते आणि सगळा फायदा जातो. उलगडण्याची आज्ञा सर्व्हरवरच चालायला हवी.

सर्व्हरवर आज्ञा चालवता येत नसेल, तर विंडोजवर रोबोकॉपीने एकाच वेळी अनेक फायली पाठवाव्यात:

```
robocopy D:\scan \\nas\scan /E /MT:32 /R:1 /W:2
```

`/MT:32` म्हणजे एकाच वेळी 32 फायलींची कॉपी. एक फाइल उत्तराची वाट पाहत असताना बाकीच्या पुढे सरकतात. `/R` आणि `/W` न देणे महागात पडते, कारण अडकलेल्या फायलीसाठी रोबोकॉपी मूळ मांडणीत दर 30 सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते. समांतर कॉपीलाही मर्यादा असतेच: फेऱ्यांची वाट विभागली जाते, डिस्कची नाही. वरच्या हिशोबातले 12 मिलिसेकंद एकाच हार्ड डिस्कचे धरले, तर 32 चे 128 केले तरी काम आठ मिनिटांच्या खाली येणार नाही. एसएसडीवर ही अट बरीच सैल होते.

रोजच्या रोज नवी पाने पाठवायची असतील, तर एसएसएचवरून आरसिंक अधिक सोयीचे. ते एका फायलीच्या उत्तरासाठी न थांबता पुढच्या फायली पाठवत राहते आणि न बदललेली पाने वगळते. गंतव्य म्हणून जोडलेले शेअर फोल्डर दिले, तर मात्र फेऱ्या पुन्हा एसएमबीच्याच होतात.