गरोदरपणातला रक्तक्षय (लोहाची कमतरता)

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आपल्याकडं सरळ "अंगात रक्त कमी हाय" असं बोलतात. पोटातल्या बाळाला आणि वारेला लोह लागतं, आईचं रक्तही वाढत असतं, आणि आधीच साठा कमी असला की तो लवकर संपतो.

लक्षणं हळूहळू येतात म्हणून ती अंगवळणी पडतात. विहिरीवरून घागर आणताना धाप लागणं, उठताना डोळ्यापुढं अंधारी, छातीत धडधड, खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढुरकी. माती किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हे पण याचंच लक्षण असू शकतं, त्याला डोहाळे म्हणून सोडून देऊ नका.

मराठवाड्यात खायला लोह आहे की, बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, करडईची नाहीतर राजगिऱ्याची भाजी, चालत असेल तर कलेजी. पण धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह अंगाला कमीच लागतं, म्हणून ताटात लिंबू, पेरू नाहीतर आवळा हवाच, आणि जेवणावर लगेच चहा नको. एकदा रक्त कमी झालं की नुसत्या खाण्यानं भरून निघत नाही, गोळी लागतेच.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि रक्तक्षय असला तर रोज दोन. पण खरी अडचण इथंच आहे, मळमळतं, जळजळतं, शौचाला कडक होतं आणि पाकीट फडताळात पडून राहतं.

समजा पाचव्या महिन्यातली एक बाई आहे, हिमोग्लोबिन 9.2. ती सकाळी उपाशीपोटी चहासोबत लोहाच्या दोन्ही गोळ्या आणि वर कॅल्शियमची पण घेते. उलटी होते, आणि जे पोटात राहतं तेही चहा आणि कॅल्शियममुळं नीट शोषलं जात नाही. हिनं कॅल्शियम सकाळच्या भाकरीसोबत आणि संध्याकाळी साडेसातच्या जेवणासोबत घ्यावं, लोहाची एक गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्यासोबत आणि दुसरी रात्री दहाला झोपताना, म्हणजे मळमळ झोपेत निघून जाते. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तास ठेवायचे. तरीही त्रास झाला तर गोळी जेवणावरच घ्यावी, लोह थोडं कमी लागेल पण गोळी बंद होण्यापेक्षा ते बरं. कडक शौचासाठी पाणी, पालेभाजी, पेरू. शौच काळी होते, ते लोहामुळंच, घाबरायचं नाही. गोळीनं बाळ काळं होतं हे मात्र साफ खोटं आहे.

महिन्यानं परत तपासायचं, साधारण 1 ग्रॅम वाढायला पाहिजे. वाढलं नाही तर आधी गोळ्या खरंच पोटात जातायत का ते आशाताईनं विचारावं, जात असतील तर डॉक्टरला दाखवावं, दुसरं कारण असू शकतं. 7 च्या खाली असेल तर मोठ्या दवाखान्यातच, तिथं गरजेप्रमाणं शिरेतून लोह किंवा रक्त देतात.

गोळ्या घरातल्या लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, लहान मुलाला त्या जीवघेण्या ठरू शकतात.