हृदयाची प्रार्थना आणि श्वास

“ग्रीसमधल्या ॲथोस पर्वतावरच्या ख्रिस्ती साधूंची हृदयाची प्रार्थना म्हणजे ख्रिस्ती प्राणायामच ना? श्वास रोखल्याशिवाय ती लागतच नाही म्हणे.”

नाही. हृदयाची प्रार्थना म्हणजे येशूच्या नावाची छोटी प्रार्थना सतत म्हणत मन हृदयात स्थिर करणं. पाचव्या शतकातले बिशप डायाडोकस ‘प्रभू येशू’ या नामाचं सतत स्मरण करायला सांगतात, पण श्वासाबद्दल काही सांगत नाहीत. श्वासाबरोबर मन हृदयात उतरवण्याची तपशीलवार रीत लेखी सापडते ती थेट तेराव्या शतकात, निकेफोरस या साधूकडे. आणि तेही पुढे म्हणतात की असं करून मन हृदयात उतरलं नाही, तर बाकीचे विचार सोडून नुसती प्रार्थनाच म्हणत राहा. म्हणजे श्वास हा टेकू; नसला तरी चालतं.

रीत साधी आहे. वीतभर उंचीच्या बैठकीवर बसायचं, मान खाली. श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. लक्ष शब्दांच्या अर्थावर, छातीच्या वरच्या भागात.

बिघडतं कुठे? नवखा माणूस श्वास मोजू लागतो, ताणून धरतो. मग गरगरतं, छाती दुखते आणि छातीतली ऊब किंवा चक्कर त्याला कृपाच वाटते. शब्द मागे पडून श्वासावरच लक्ष राहिलं, की गाडी रुळावरून घसरली असं समजावं. तेव्हा श्वास सोडून द्यावा, प्रार्थना सावकाश ओठांनी म्हणावी. म्हणूनच ही रीत जाणत्या गुरूच्या देखरेखीखालीच करायची असते.

चौदाव्या शतकात बार्लाम या विद्वान साधूने मान खाली घालून बसणाऱ्या या साधूंना ‘बेंबीत आत्मा असलेले’ म्हणून हिणवलं. ॲथोसचेच साधू ग्रेगरी पालामास यांनी साधूंची बाजू घेतली, पण श्वासाची रीत मुख्यतः नवशिक्यांचं भरकटणारं मन आवरण्यासाठी आहे, असंच सांगितलं.