कच्चा खर्डा, रोजकीर्द आणि खतावणी : कल्पनांच्या नोंदवहीची पार्श्वभूमी

सुचलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी वहीत टिपायची आणि महिनाअखेरीस ती वही वाचून कोणती कल्पना पुढे न्यावी हे ठरवायचे, ही पद्धत लेखक आणि शास्त्रज्ञ यांच्या चरित्रांतून आपल्यापर्यंत आली आहे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु तिचे मूळ शोधत गेल्यास आपण ग्रंथालयात न पोहोचता पेढीवर पोहोचतो. वडोदऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे उमगणे विशेष सोपे आहे, कारण त्याच्या घरात कारकुनी करणाऱ्या आजोबांमुळे रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द असतात, तर कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानात तेच काम रोजमेळ आणि खातावही या नावांनी चाललेले असते आणि दिवाळीला त्या लाल चोपड्यांची पूजाही होते.

या पद्धतीतील कामाची विभागणी प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. व्यवहार घडला की तो आधी कच्च्या खर्ड्यात जसा घडला तसा, हाती येईल त्या शब्दांत उतरवला जातो. तेथून तो तारीखवार रोजकीर्दीत येतो. रोजकीर्दीतील प्रत्येक रक्कम पुढे खतावणीत, म्हणजे ज्या माणसाचा किंवा ज्या बाबीचा तो व्यवहार असेल त्याच्या खात्यावर, चढवली जाते आणि रोजकीर्दीच्या समासात त्या खात्याचे पान लिहिले जाते. रोजकीर्द ‘त्या दिवशी काय झाले’ एवढेच सांगते, तर एखाद्या गिऱ्हाइकाकडे किती दिवसांपासून आणि किती येणे थकले आहे हे खतावणीशिवाय कळत नाही. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात स्मरणवही, रोजवही आणि खातेवही अशा याच तीन वह्यांचे वर्णन केले आहे. मराठेशाहीचे दप्तरही याच तत्त्वावर उभे होते. वडोदरा संस्थानाच्या सेवेत 1889 ते 1925 अशी वर्षे घालवलेल्या गो. स. सरदेसाई यांनी निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. त्या दप्तरातील रोजकीर्दींचे प्रचंड रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना केवळ तारीखवार नोंदींतून एखादा विषय हुडकणे किती कष्टाचे असते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पेढीवरील ही रीत विचारांना लावावी, असे स्पष्ट शब्दांत सुचवणारा माणूस म्हणजे जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक गेओर्ग क्रिस्टोफ लिश्टेनबर्ग. त्यांनी 1765 च्या सुमारास टिपणवह्या लिहायला आरंभ केला आणि 1799 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो क्रम चालू ठेवला. 1774-75 मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले आणि त्यानंतर लवकरच त्यांच्या एका वहीत या आशयाची नोंद आढळते की, व्यापारी लोक एका कच्च्या वहीत रोजची खरेदी-विक्री कोणताही क्रम न लावता टिपतात, तेथून ती अधिक व्यवस्थित अशा रोजवहीत नेतात आणि शेवटी दुहेरी नोंदीच्या खातेवहीत चढवतात. विद्वानांनीही हेच अनुकरणीय मानावे. कच्च्या वहीसाठी त्यांनी इंग्रज व्यापाऱ्यांचाच शब्द वापरला होता आणि आपल्या वह्यांनाही त्याच अर्थाचे जर्मन नाव दिले.

या ठिकाणी थोडे थांबणे भाग आहे, कारण लिश्टेनबर्ग यांनी मांडलेली पद्धत आणि त्यांनी प्रत्यक्ष आचरलेली पद्धत यांत मोठे अंतर आहे. त्यांनी खर्डा आयुष्यभर लिहिला, परंतु तिसरी वही फारशी भरली नाही. मनात घोळवलेली कादंबरी त्यांच्या हातून पूर्ण झाली नाही. त्या वह्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या, काही मधल्या वह्या तर हरवल्याच, आणि आज त्यांची कीर्ती उरलेल्या खर्ड्यांवरच उभी आहे. ज्याला तेवढी धारदार एकेक वाक्ये लिहिता येतात त्याने खतावणी न केली तरी चालेल. इतरांच्या वहीत मात्र खतावणीवाचून केवळ तारखा साठतात.

नोंदी पुन्हा सापडाव्यात यासाठी जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1686 मध्ये फ्रेंच भाषेत एक अनुक्रमणिका-पद्धत प्रसिद्ध केली होती. तीत विषयाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून पान ठरत असे. पण तिचा रोख वाचलेले उतारे शोधण्यावर होता, स्वतःला सुचलेल्या गोष्टींची आवृत्ती ओळखण्यावर नव्हे. त्या दृष्टीने चार्ल्स डार्विन यांचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. प्राण्यांच्या जाती बदलतात या विचारावरील पहिली वही त्यांनी जुलै 1837 मध्ये उघडली. पुढे टाचणे ठेवण्यासाठी त्यांनी विषयवार तीस ते चाळीस मोठी दप्तरे केली आणि 1856 च्या डिसेंबरात त्या पहिल्या वहीतील उपयोगी पाने कापून काढल्याची नोंद त्यांनी वहीतच करून ठेवली. वही कापणे आपल्याला अशुभ वाटेल, परंतु तारखेच्या क्रमातून सुटून नोंद विषयाच्या क्रमात बसली, म्हणजेच ती खात्यावर चढली, असाच त्याचा अर्थ आहे. डार्विन यांचा आणखी एक नियम आत्मचरित्रात नमूद आहे: आपल्या मताविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती आढळली की ती तत्काळ लिहून ठेवायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात.

मराठी खतावणीत या नियमाला आयतीच जागा आहे, कारण तेथे प्रत्येक खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. कल्पनेच्या खात्यालाही त्या दोन्ही द्याव्यात, असे माझे मत आहे. वहीचा मासिक आढावा घेणाऱ्या पुष्कळ लोकांची खाती एकतर्फी असतात. त्यांत सारे जमाच दिसते.

दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या नात्यातील एका काकूंनी गेल्या वर्षी हा प्रयोग केला. त्या घरी थालिपिठाची भाजणी आणि मेतकूट करून विकतात. जुलैच्या एका महिन्यात त्यांच्या वहीत 34 नोंदी झाल्या होत्या आणि महिनाअखेरीस वही वाचल्यावर त्यांचे पहिले मत असे झाले की, आता नवे पदार्थ सुरू केले पाहिजेत. नोंदी खात्यांवर चढवल्या तेव्हा 13 नोंदी ‘नवे पदार्थ’ या खात्यात गेल्या, 5 पोहोचवण्याच्या खात्यात, 5 पाकीट आणि वजन यांच्या खात्यात, 4 तक्रारींत, आणि उरलेल्या 7 कोठेच बसेनात म्हणून उचंत खात्यात पडल्या. सर्वांत मोठे खाते नव्या पदार्थांचे होते, परंतु त्यातील तेराही पदार्थ निरनिराळे होते आणि प्रत्येकाचा उल्लेख एकदाच आला होता. बहुतेक नोंदी तर दोन सलग दुपारी, एका लग्नाच्या जेवणानंतर झालेल्या होत्या. म्हणजे तो एका उत्साहाचा हिशोब होता.

पाकीट आणि वजन यांच्या पाच नोंदींच्या लहान खात्याचे मात्र तसे नव्हते. एका बाईंनी पुण्यात वसतिगृहावर राहणाऱ्या मुलासाठी थोडेसेच मेतकूट मागितले होते. एका गृहस्थांनी, घरात आता दोघेच असल्यामुळे, अर्धा किलोचे पाकीट संपत नाही असे सांगितले होते. गुजराती शेजारणीला केवळ चाखण्यापुरते हवे होते. उरलेल्या दोन नोंदींचा आशयही साधारण तोच होता. तारखा पाच वेगळ्या, माणसे वेगळी आणि शब्दही वेगळे होते. शिवाय तक्रारींच्या खात्यातील ‘मेतकुटाला महिन्याने वास येतो’ ही नोंदसुद्धा येथलीच होती, कारण मोठे पाकीट उघडून बरेच दिवस वापरले जात होते. काकूंनी ती दोन्ही खात्यांवर चढवली. समासात एकाच नोंदीपुढे दोन पाने लिहिण्यास खऱ्या हिशोबात आक्षेप घेतला जाईल, पण कल्पनांच्या वहीत तसे करण्यास हरकत नाही, आणि बहुधा तेथेच नमुना दिसू लागतो.

एवढ्यावर निर्णय घेणे घाईचे ठरले असते. एकदा खाते उघडले की कानही त्याच दिशेने लागतात. ऑगस्टमध्ये लहान पाकिटांविषयीच्या नोंदी अचानक दुप्पट झाल्या, परंतु त्यांतील निम्म्या काकूंनी स्वतःच विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे होत्या. म्हणून अशा नोंदींपुढे त्यांनी ‘विचारून’ असा शेरा मारला आणि त्या मोजल्या नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी 100 ग्रॅमची 20 पाकिटे केली, दहा मेतकुटाची आणि दहा भाजणीची. मेतकुटाची नऊ आणि भाजणीची तीन गेली. नावे बाजूला त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या: पिशवी आणि चिठ्ठी यांचा खर्च लहान पाकिटालाही मोठ्याएवढाच येतो, नेहमी अर्धा किलो नेणाऱ्या दोघांनी या वेळी लहान पाकीटच नेले, त्यामुळे विक्री घटली, आणि 100 ग्रॅम भाजणीत जेमतेम दोन-तीन थालिपिठे होतात, तेव्हा ती एका जेवणालाही पुरत नाही. मेतकूट भातावर चमचाभर घेतले जाते, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा अर्थ तेथे निराळा होतो. सप्टेंबरपासून मेतकुटाचे लहान पाकीट कायम झाले, त्याची किंमत प्रमाणापेक्षा थोडी जास्त ठेवली गेली, आणि भाजणीचे बंद झाले.

आढाव्यासाठी महिनाच का, याचे उत्तरही या उदाहरणात आहे. आठवड्याने वही वाचली असती तर लग्नाच्या जेवणाचा उत्साह अजून ओसरला नसता, आणि सहा महिन्यांनी वाचली असती तर ‘दोघेच’ हा शब्द कोणी, कशासंबंधी उच्चारला होता हे काकूंना आठवले नसते. तीस-चाळीस नोंदी खात्यांवर चढवण्यास त्यांना साधारण एक तास लागतो. उचंत खाते सातवरून दहा-बारावर गेले, तर खात्यांची नावे चुकली आहेत असे समजून ती बदलावी लागतात. त्यांच्याकडे ऑक्टोबरात तसे झाले आणि उचंतातील निम्म्या नोंदी ‘सणावाराची मागणी’ या नव्या खात्यात गेल्या.

दिवाळीला त्यांनी शेजारच्या दुकानदाराप्रमाणे नवी वही घातली. जुन्या वहीतून नव्या वहीत फक्त शिल्लक पुढे ओढली जाते, त्यानुसार चार खाती पुढे गेली. तेरा नव्या पदार्थांपैकी एकाचा उल्लेख मधल्या काळात तीन निरनिराळ्या माणसांकडून पुन्हा आला होता, तेवढाच पुढे नेला; बाकीच्या बारा नोंदी समासात नव्या वहीच्या पानाचा आकडा नसलेल्या स्थितीत जुन्या वहीतच आहेत.