पार्श्वभूमी: गिरणी सरकारची झाली, शेअर आजीकडेच राहिले

परभणीच्या एका आजींच्या ट्रंकेत दहा शेअरची सर्टिफिकेटं निघाली. मराठवाड्यातल्याच एका कापड गिरणीची, प्रत्येकी शंभर रुपये दर्शनी किमतीची, आजींच्या वडिलांनी लेकीच्या नावावर करून दिलेली. मागच्या बाजूला तबदिलीची नोंद आणि कंपनीचा शिक्का आहे. नात गेलं वर्षभर या कंपनीचा माग काढते आहे. गिरणी कुणाकडे गेली हे शोधणं तसं सोपं होतं, पण कंपनीचं पुढे काय झालं हे समजायला मधला सगळा इतिहास उलगडावा लागला.

सर्टिफिकेटांवरचे शंभर रुपये हाली सिक्क्यातले आहेत. निजामी मुलखातला हाली रुपया आणि बाहेरचा, इंग्रजी अमलातला कलदार रुपया यांचा हिशोब ठरलेला होता: सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत. त्या हिशोबाने आजींचे एक हजार हाली म्हणजे भारतीय चलनात 857 रुपये 14 पैसे. एवढीच आजींची कागदोपत्री गुंतवणूक, आणि पुढच्या कोणत्याही हिशोबाची सुरुवात याच आकड्यापासून होते.

कंपनीची नोंद हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या कंपनी कायद्याखाली झाली होती. 1956 च्या 1 एप्रिलला देशभर एकच नवा कंपनी कायदा आला आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. जुन्या संस्थानी कंपन्यांच्या फायली शोधणाऱ्याने म्हणूनच सर्टिफिकेटावरचा नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आधी पाहावा. कार्यालय मराठवाड्यात असेल तर पुढची फाइल मुंबईच्या कंपनी निबंधकाकडे शोधायची, हैदराबाद शहरात असेल तर तिकडच्या. कारखाना मराठवाड्यात आणि कार्यालय हैदराबादेत असं अनेकदा असे. नातीनेही सुरुवातीला मुंबईतच चौकशी केली. पत्ता हैदराबादचा आहे याकडे एका निवृत्त कंपनी सेक्रेटरींनी लक्ष वेधलं, तेव्हा शोध योग्य कार्यालयाकडे वळला.

खरा गुंता मात्र 1970 च्या दशकातला आहे. साठच्या दशकात देशभरच्या जुन्या गिरण्या खिळखिळ्या झाल्या होत्या. यंत्रं झिजलेली, मालकांनी नफा काढून घेतलेला, पगार आणि प्रॉव्हिडंट फंड थकलेला. सरकारने 1972 मध्ये अनेक आजारी गिरण्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं आणि 1974 च्या कायद्याने 103 गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. अंमल मागच्या तारखेने, 1 एप्रिल 1974 पासून. मराठवाड्यातल्या गिरण्याही त्या यादीत होत्या.

या कायद्याने सरकारने कंपनी घेतली नाही, कंपनीचा उद्योग घेतला. जमीन, इमारती, यंत्रं, गोदामातला माल, रोकड असं सगळं आधी केंद्र सरकारकडे आणि तिथून लगेच सरकारी महामंडळाकडे गेलं. कंपनी जागेवर राहिली, तिचे शेअरही भागधारकांच्याच नावावर राहिले आणि 1 एप्रिल 1974 च्या आधीची बहुतेक देणीसुद्धा तिच्याच अंगावर राहिली. म्हणजे आजींच्या सर्टिफिकेटांना कुणी हात लावला नाही, फक्त ज्याच्या भरवशावर त्यांना किंमत होती ते काढून घेतलं.

त्या बदल्यात प्रत्येक गिरणीसाठी कायद्याच्या परिशिष्टात एक ठरावीक रक्कम छापलेली होती. ती पुरेशी आहे का, हा प्रश्न न्यायालयात विचारायला फारशी जागाच उरली नव्हती, आणि त्याचं कारण चार वर्षं मागे जातं. 1970 मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका भागधारकाची बाजू उचलून धरली आणि देऊ केलेली भरपाई खरी भरपाई नाही असं ठरवलं. त्यानंतर 1971 च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेच्या कलमात ‘भरपाई’च्या जागी ‘रक्कम’ आणली, आणि ती अपुरी आहे म्हणून कायद्याला आव्हान देता येणार नाही अशी तजवीज केली. त्यामुळे गिरण्यांच्या कायद्यात आकडा काय असावा हे सरकारनेच ठरवलं. मोठ्या मालकांनी आपापली तजवीज आधीच केलेली असावी, असं मला वाटतं. दहा-वीस शेअर बाळगणाऱ्या शिक्षकांचं, वकिलांचं आणि लेकीबाळींचं म्हणणं मात्र कुणी ऐकून घेतलं नाही.

ती रक्कम तरी भागधारकांच्या हाती आली का? ती जमा व्हायची या वाटपासाठी नेमलेल्या देयक आयुक्तांकडे, आणि तिथे वाटपाचा क्रम कायद्यानेच ठरवलेला होता. व्यवस्थापन सरकारकडे आल्यानंतरच्या काळात काढलेली कर्जं सगळ्यात आधी. त्यामागून आधीच्या काळातली देणी: कामगारांचा थकलेला पगार आणि फंड, मग तारणावरची कर्जं, कर आणि व्यापाऱ्यांची उधारी. एका वर्गाचं पूर्ण भागल्याशिवाय पुढच्या वर्गाला पैसा नाही. सगळ्यांचं भागून काही उरलं तर ते मालकाला, म्हणजे कंपनीला, आणि कंपनीतून भागधारकांना. कामगारांची थकबाकी भागधारकांच्या आधी भागवणं योग्यच होतं. सरकारी ताब्यातल्या काळातली कर्जं मात्र कामगारांच्या जुन्या थकबाकीच्याही वर ठेवली, हे पटत नाही. ताबा घेतल्यावर कर्ज काढणारी सरकारचीच माणसं होती, आणि ते फेडायला आधी पैसा गेला तो ज्यांची जुनी देणी थकली होती त्यांच्या वाट्यातून.

नातीला मिळालेल्या कागदांवरून या कंपनीचं असंच झालेलं दिसतं. मंजूर झालेले दावेच रकमेपेक्षा जास्त होते आणि शेवटच्या वर्गांपर्यंत पैसा पोचलाच नाही. रिकामी कंपनी काही वर्षं नुसती कागदावर राहिली आणि पुढे निबंधकाने तिचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं. 1956 च्या कंपनी कायद्यात अशी कंपनी पुन्हा नोंदवहीत आणण्यासाठी भागधारकाला राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांची मुदत होती. ती केव्हाच उलटली आहे.

घरच्यांना दोन आशा होत्या. पहिली दावा न केलेल्या लाभांशाच्या केंद्रीय निधीची. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर चालू कंपनीचे शेअर तिकडे जातात आणि वारसांना अर्ज करून परत मिळवता येतात. इथे 1974 नंतर लाभांशच नव्हता, त्यामुळे तिकडे जाण्यासारखं काही नव्हतं. दुसरी आशा गिरणीच्या जमिनीची. शहराच्या मधोमध असलेल्या त्या जागेचा आजचा भाव सगळ्यांना माहीत आहे. पण जमीन उद्योगाबरोबर 1974 मध्येच गेली. गिरण्यांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनींवरचे हक्क सरकारकडेच राहतील, हेही 2014 मध्ये संसदेने पुन्हा कायदा करून स्पष्ट केलं. ‘जमिनीत वाटा मिळवून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणारे एजंट अशा कुटुंबांना गाठतात. त्यांना एकच विचारावं: शेअर कंपनीचे आहेत आणि जमीन कंपनीकडे नाही, मग हक्क कोणत्या कायद्याने सांगणार?

नातीने आता परिशिष्टातलं गिरणीचं पान, नाव कमी केल्याची सूचना आणि सर्टिफिकेटांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती एका फाइलीत लावल्या आहेत. त्याच गिरणीचे शेअर असलेली नांदेडची आणि लातूरची आणखी काही घरं तिला सापडली आहेत. त्यांनाही ती हीच फाइल पाठवते.