हिप बूट की चेस्ट वेडर? सकाळचं पाणी आणि संध्याकाळचं पाणी

मे महिन्यात सोलापूर तापलं की आमच्या घरातलं कोणी ना कोणी हिमाचल गाठतं. यंदा आतेभावानं तीर्थन खोऱ्यात ट्राउट धरायचा बेत आखला आणि हिप बूट मागवले. हे मांडीपर्यंत येणारे रबरी बूट असतात, पट्ट्यांनी कमरेच्या बेल्टला अडकवायचे. चेस्ट वेडर घे, म्हणजे पाणी आत न येणारी छातीपर्यंतची विजार घे म्हटलं, तर म्हणाला, "गुडघाभर पाण्याला एवढं कशाला बे? उजनीत चिलापी धरायला आपण हाफ चड्डीवर उतरतो की."

उजनीचं पाणी कोमट आणि साचलेलं. तीर्थनला बर्फाचं पाणी येतं. उन्हानं वर वितळलेलं बर्फ खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून असे ओढे सकाळी उतरलेले असतात आणि दुपारनंतर चढतात. सकाळी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलेल्या माणसाला परत यायचं असतं ते त्या चढलेल्या पाण्यातून.

पाणी चढलं नाही असं धरलं, तरी हिशोब तंगच आहे. हिप बुटाची कड जमिनीपासून 80 सेंटीमीटरवर आणि पाणी 50 सेंटीमीटर, म्हणजे 30 हातात. पण धावतं पाणी पायावर आदळून वर चढतं. सेकंदाला दीड मीटर वेग असेल, तर हा चढ अकरा सेंटीमीटरच्या आसपास जातो. त्यात पाय वीतभर खळग्यात पडला तर आणखी वीसेक सेंटीमीटर गेले. कड बुडाली! शिवाय ही कड मांडीला घट्ट बसत नाही, तोंड उघडंच असतं.

बुटात पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो, हा समज मात्र चुकीचा आहे. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारख्याच वजनाचं, त्यामुळे पाण्यात असेपर्यंत ते खाली ओढत नाही. अडचण काठावर चढताना येते. पायाभोवतीच्या जागेत सहा-सात लिटर पाणी मावलं, तर प्रत्येक पाऊल अर्ध्याहून जास्त कळशी बांधल्यासारखं उचलावं लागतं. त्यातून दहा अंशांच्या पाण्यात बोटं बधिर होतात आणि पट्ट्यांची बक्कलं सुटता सुटत नाहीत.

चेस्ट वेडरची कड उंच असते, आणि कमरेला बाहेरून बेल्ट आवळला तर पडल्यावरही पाय लगेच भरत नाहीत. बेल्ट न लावता वेडर घालणं मला हिप बुटापेक्षा धोक्याचं वाटतं, कारण त्याचं तोंड तर पोत्याएवढं असतं.

पण वेडरचा स्वतःचा एक सापळा आहे. कोरडं वाटतं म्हणून माणूस आत आत जात राहतो. सत्तर किलोच्या माणसाचा गुडघाभर पाण्यात तळावर साठेक किलो भार पडतो. कमरेएवढ्या पाण्यात तो जवळपास निम्मा होतो, उरलेला पाणी उचलून धरतं. प्रवाहाला ढकलायला मिळणारं अंग मात्र तिथं दुप्पट झालेलं असतं. मघाचाच सेकंदाला दीड मीटरचा वेग धरला तर रेटा गुडघ्याशी चौदा किलो वजनाइतका आणि कमरेशी त्याच्या दुप्पट. शेवाळलेल्या गोट्यांवर पाय टिकतो तो भाराच्या जोरावर, आणि भारच निम्मा झालेला असतो. म्हणून वेडर घालूनही जोराच्या धारेत मांडीच्या पुढे जाऊ नये. वरचं कापड खळग्यासाठी आणि संध्याकाळच्या पाण्यासाठी राखायचं.

कापडात मुख्य निवड दोन. निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे कोंडलेलं रबर. ते स्वतःच ऊब धरतं, पण पाच मिलिमीटरचं घालून चढण चढलात तर घामानं भिजाल. पातळ, वाफ बाहेर सोडणारा वेडर चालायला सोपा, पण तो फक्त पाणी अडवतो, ऊब आतल्या कपड्यांनी द्यायची. तिथं सुती पायजमा नको. आपला सोलापुरी टॉवेल पाणी का पितो? सुती धागा ओल शोषून धरतो म्हणून. टॉवेलाला तो गुण, घामेजल्या पायाला थंडी. आत लोकरी किंवा फ्लीसचं घालावं. मेमध्ये दिवसा हिंडायचं असेल तर मी पातळ वेडरच घेईन.

माप उभ्यानं बघू नका. आतले जाड कपडे आणि मोजे घालून एक पाय खुर्चीवर ठेवा, मग उकिडवे बसा. गुडघ्याला किंवा जांघेत ताण आला तर काही दिवसांत तिथलीच शिवण गळेल. उलट पायात ढगळ कापड लोंबत असेल तर ते प्रवाह धरतं. मोज्याला जागा न देणारा बूट रक्त अडवतो आणि पाय आणखी गार पडतो.

भावानं शेवटी वेडर घेतला. परवा सकाळी सातला हिप्परगा तलावाच्या उथळ काठाला मी त्याला बेल्ट आवळून मुद्दाम उताणा पाडला. पाय तरंगले, पाणी कमरेपाशी थबकलं आणि हळूहळू झिरपायला लागलं. मग बेल्ट सोडून पुन्हा पाडला. या वेळी काठावर यायला त्याला माझा हात धरावा लागला. हिप बूट आता त्याच्या शेतावर पाटाचं पाणी वळवायला वापरतात.