आकडा माहीत नसलेला डझन : मोलची पार्श्वभूमी

मोल शिकवताना बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे 6.022 × 10²³. वाक्य बरोबरच आहे. पण ते ऐकल्यावर लगेच प्रश्न पडतो, की हा विचित्र आकडा आणला कुठून? १२ हा सोयीचा आकडा आहे, त्याचे दोन, तीन, चार, सहा असे सारखे भाग पडतात. इथे तर ६०२२ आणि त्यावर वीस शून्यं! कोणी मुद्दाम असा आकडा निवडेल, असं वाटत नाही. आणि खरंच तो कोणी निवडला नव्हता. रसायनशास्त्रज्ञांनी आधी वजन ठरवलं. त्या वजनात कण किती, हे त्यानंतर कित्येक दशकं कोणालाच माहीत नव्हतं.

संख्या माहीत नसताना डझन कसा वापरायचा? समजा, लहान आणि मोठ्या अशा दोन प्रकारच्या गोट्या आहेत आणि प्रत्येक मोठी गोटी लहान गोटीच्या १६ पट जड आहे. लहान गोट्यांचा डझन आणि मोठ्या गोट्यांचा डझन तोलला, तर वजनांचं प्रमाण १ ला १६ येईल. डझनाऐवजी शंभर-शंभर घेतल्या, तरी तेच प्रमाण येईल. आता हे उलट करून पाहा. एका पारड्यात १ किलो लहान गोट्या आणि दुसऱ्यात १६ किलो मोठ्या गोट्या असतील, तर दोन्हीकडची संख्या सारखीच असणार. ती २०० आहे की २०००, हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. एकही गोटी न मोजता ‘दोन्हीकडे सारख्याच’ असं खात्रीने म्हणता येतं. मोलचा सगळा पाया एवढाच आहे: प्रमाण माहीत असेल, तर तोलणं हेच मोजणं होतं.

म्हणून खरा प्रश्न प्रमाणाचा होता आणि त्यातच पन्नास वर्षं गेली. जॉन डाल्टन यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला अणूंची तुलनात्मक वजनं मांडायला सुरुवात केली. हायड्रोजनचा अणू सर्वांत हलका, म्हणून त्याचं वजन १ धरलं. ऑक्सिजनसाठी त्यांनी पाण्याचा आधार घेतला. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनमागे जवळपास ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो (डाल्टन यांच्या १८०८च्या पुस्तकात हा आकडा ७ होता, कारण त्या काळची मोजमापं तितकी नेमकी नव्हती). पण वजनाच्या या प्रमाणावरून अणूचं वजन काढायचं, तर पाण्याच्या एका कणात प्रत्येकाचे अणू किती, हे आधी कळायला हवं. डाल्टन यांनी सर्वांत साधी शक्यता धरली, एकाला एक. म्हणजे पाणी HO आणि ऑक्सिजनचा अणू ८ पट जड. पाणी H₂O असेल, तर मात्र ते ८ ग्रॅम दोन हायड्रोजन अणूंमागे एका ऑक्सिजन अणूचे ठरतात, म्हणजे ऑक्सिजन १६ पट जड निघतो. ताजवा दोन्ही बाबतींत तेच सांगतो. नुसत्या तोलण्यातून या दोघांपैकी खरं कोणतं, हे ठरवताच येत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा, अशी ही जागा आहे.

वाट सापडली ती वायूंच्या आकारमानातून. १८०८ मध्ये गे-ल्युसॅक यांनी दाखवलं, की दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. १८११ मध्ये इटलीच्या आमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो यांनी याचा अर्थ लावला: तापमान आणि दाब सारखे असतील, तर कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. आता हेच डझनांत मांडू. दोन डझन हायड्रोजन रेणू आणि एक डझन ऑक्सिजन रेणू मिळून दोन डझन पाण्याचे रेणू. पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजन आहे, पण ऑक्सिजनचे रेणू एकच डझन होते. तेव्हा प्रत्येक ऑक्सिजन रेणूचे दोन भाग झालेच पाहिजेत. याचा अर्थ ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा आहे. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना चिकटतात, हे डाल्टन यांच्यासारख्यांना पटणारं नव्हतं आणि अ‍ॅव्होगाड्रोंचं म्हणणं जवळजवळ पन्नास वर्षं बाजूला पडलं. सप्टेंबर १८६०मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे स्तानिस्लाओ कानित्सारो यांनी त्याच विचारावर उभी केलेली अणुभारांची सुसंगत मांडणी पुढे ठेवली. तोवर अ‍ॅव्होगाड्रोंना जाऊन चार वर्षं झाली होती. ऑक्सिजनचा १६ हा आकडा पक्का होत गेला तो यानंतर.

आता तीच अभिक्रिया ग्रॅममध्ये पाहू. हायड्रोजनचा अणू १, म्हणून त्याचा रेणू २. ऑक्सिजनचा अणू १६, म्हणून रेणू ३२. पाण्याचा रेणू २ + १६, म्हणजे १८. यांच्यापुढे ग्रॅम लिहिलं की २ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन आणि १८ ग्रॅम पाणी यांत रेणूंची संख्या सारखी असणार. यातल्या प्रत्येकाला त्या पदार्थाचा एक मोल म्हणायचं. दोन मोल हायड्रोजन म्हणजे ४ ग्रॅम, एक मोल ऑक्सिजन म्हणजे ३२ ग्रॅम, त्यातून दोन मोल पाणी म्हणजे ३६ ग्रॅम. वजन जुळलं, पण मोलांची बेरीज जुळली नाही: तीन मोलांतून दोनच झाले. यात चूक नाही. रेणू मोडून नवे बांधले गेले, अणू मात्र तेवढेच राहिले. गोंधळ होतो तो ‘एक मोल ऑक्सिजन’ एवढंच म्हटल्यावर. अणूंचा मोल असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२. उत्तर नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं, तर आधी इथेच तपासावं.

‘मोल’ हा शब्द विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी १८९०च्या दशकात रूढ केला, आणि त्या वेळी अणू खरोखर असतात यावर त्यांचाच विश्वास नव्हता. त्यांच्यासाठी मोल हे ठरावीक ग्रॅम होते, संख्या नव्हती. संख्येचा शोध वेगळ्या वाटेने चालू होता. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी हवेच्या रेणूच्या आकाराचा अंदाज केला होता. पुढे जाँ पेरँ यांनी राळेचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात सोडून, तळापासून वर जाताना ते कसे विरळ होत जातात, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. त्यावरून त्यांनी काढलेली संख्या 7 × 10²³ च्या जवळपास होती. १९०९ मध्ये त्यांनीच तिला अ‍ॅव्होगाड्रोंचं नाव दिलं. अ‍ॅव्होगाड्रोंनी स्वतः ही संख्या कधीच काढली नव्हती.

१९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीचं सातवं मूलभूत एकक झालं, तेव्हाही व्याख्या वजनाचीच होती: कार्बन-१२च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू, तितके कण. हा क्रम पालटला २० मे २०१९ रोजी. त्याआधी सिलिकॉन-२८चा सुमारे १ किलोचा, जवळजवळ अचूक गोल घडवून, स्फटिकातील अणूंमधलं अंतर क्ष-किरणांनी मोजून, त्यातले अणू हिशेबाने काढले गेले होते. त्या आणि इतर मोजमापांच्या आधारे संख्या कायमची ठरवली: एक मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण. आता आधी संख्या येते आणि वजन मागून, डझनाच्या बाबतीत असतं तसंच. त्यामुळे एक मोल कार्बन-१२चं वजन १२ ग्रॅम, हे आता व्याख्येने आलेलं नाही, ते मोजून ठरतं. फरक इतका सूक्ष्म, की वर केलेल्या पाण्याच्या हिशेबातला एकही आकडा बदलत नाही.